‘उघडून’ नव्हे, ‘उघडीत असता’

लॅटिन स्तोत्रसंहितेतील १०३ व्या स्तोत्रात (हिब्रू क्रमाने १०४) प्राणिमात्र ईश्वराकडे अन्नाच्या आशेने पाहतात. तेथील ‘उत् देस्’ हे विधान नव्हे, अपेक्षा आहे. म्हणून ‘तू देतोस’ हे चूक, ‘तू द्यावेस म्हणून’ हेच खरे. पुढील ‘आपेरिएन्ते ते’ ही रचना म्हणजे आपल्या संस्कृतातील सति सप्तमीच; लॅटिन तेथे पंचमी योजते, इतकेच. ‘हात उघडून सर्व भरून जातील’ असे लिहिणाऱ्यांस आम्ही विचारतो : हात उघडला कोणी? मराठीत ‘ऊन’चा कर्ता सहसा मुख्य क्रियापदाचाच असतो, येथे दाता लोपून याचकच हात उघडू लागतात! ‘उघडल्यावर’ म्हणावे, तर क्रिया आधीच संपते. ‘तू हात उघडीत असता’ असेच लिहावे. ओघवतेपणासाठी दात्यास वगळणे हे भाषांतर नव्हे.