घटस्फोटानंतरचा निर्वाह

हिंदू धर्मशास्त्राने विवाहास संस्कार मानले; घटस्फोट १९५५ च्या कायद्याने आला आणि तो जैनांनाही लागू आहे. कॅथलिक चर्च वैध विवाह अतूट मानते. न्यायालयाने घटस्फोट दिला तरी जोडीदार हयात असता पुनर्विवाहास मान्यता देत नाही. इस्लाममध्ये विवाह हा करार आहे. तलाक अप्रिय, तरी मान्य; त्यानंतर पत्नीने साधारणतः तीन मासिक पाळ्यांची इद्दत पाळावयाची.

इद्दत संपल्यावर निर्वाहाचे काय? इंदूरच्या शाहबानोंना दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये तेच कायम केले. १९८६ च्या कायद्याने ही जबाबदारी इद्दतीपुरतीच उरली, असा समज झाला. २००१ मध्ये न्यायालयाने खुलासा केला: रक्कम इद्दतीच्या मुदतीत द्यावी, तरतूद मात्र पुढील आयुष्याची हवी.