विश्लेषण : परदेशातले एक सत्र घरच्या परीक्षा विभागात का अडकते?

परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकून परत यायचे आणि पदवी मात्र आपल्याच संस्थेची घ्यायची, अशी सोय असलेल्या महाविद्यालयांची संख्या वाढते आहे. माहितीपत्रकात परदेशी विद्यापीठांची बोधचिन्हे दिसतात, सामंजस्य करारांची छायाचित्रे दिसतात. प्रत्यक्षात अनेक विद्यार्थ्यांची अडचण व्हिसा किंवा परदेशातील अभ्यास ही नसते. ती परत आल्यावर सुरू होते. तिकडे उत्तीर्ण केलेले विषय इकडे कोणी मोजत नाही. हे टाळायचे तर काम निघण्यापूर्वी व्हायला हवे आणि त्यातील बहुतेक काम विद्यार्थ्याचे नसून संस्थेचे आहे.

नामनिर्देशन म्हणजे नेमके काय?

एक्स्चेंज सत्रासाठी विद्यार्थ्याला परदेशी विद्यापीठाकडे थेट अर्ज करता येत नाही. त्याच्या संस्थेचा आंतरराष्ट्रीय कक्ष आधी त्याचे नाव कळवतो. यालाच नामनिर्देशन म्हणतात. त्यानंतर परदेशी विद्यापीठ त्या विद्यार्थ्याला अर्जाचा दुवा पाठवते आणि कागदपत्रे तपासून प्रवेशपत्र देते. म्हणजे नामनिर्देशन हा प्रवेश नव्हे, प्रवेशाच्या रांगेत उभे राहण्याची परवानगी आहे.

जागा करारात ठरलेल्या असतात. ‘दोन जाणार, दोन येणार’ असा तोल साधारणपणे ठेवला जातो, कारण या व्यवस्थेत विद्यार्थी शुल्क आपल्याच संस्थेत भरतो आणि परदेशी विद्यापीठ त्याच्याकडून शिकवणी शुल्क घेत नाही. आपल्याकडे येणारे विद्यार्थी कमी झाले की पुढच्या वर्षी जाणाऱ्यांच्या जागाही कमी होऊ शकतात. कराराबाहेर स्वतंत्रपणे जाणाऱ्याला ही सवलत नसते. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो शुल्क आहे. कराराखाली गेलेल्यांना ते माफ असते.

जर्मनीत ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी नामनिर्देशनाची मुदत बहुधा एप्रिल-मेमध्ये संपते. म्हणून महाविद्यालयातील निवड जानेवारी-फेब्रुवारीत पूर्ण व्हायला हवी. जूनमध्ये सूचना लावणारी संस्था त्या वर्षाची जागा आधीच गमावून बसलेली असते.

श्रेयांक मोजायचे कसे?

युरोपात ‘ईसीटीएस’ ही श्रेयांक पद्धत आहे. पूर्ण वर्षाचे ६० आणि सत्राचे ३० श्रेयांक. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाचे ४० म्हणजे सत्राचे २०. दोन्हीकडे एका सत्राचे काम सारखेच मानले तर ३० युरोपीय श्रेयांक म्हणजे आपले २०. सहा श्रेयांकांचा विषय इथे चार श्रेयांकांचा होतो.

पण तासांवरून हिशेब केला की उत्तर बदलते. एका युरोपीय श्रेयांकामागे २५ ते ३० तास धरतात आणि त्यात वर्गाबरोबर घरचा अभ्यासही येतो. आपल्या आराखड्यातही एका श्रेयांकाला ३० तास आहेत. या मोजणीने सहा श्रेयांकांचा विषय इथे पाच ते सहा श्रेयांकांचा ठरतो. याउलट, केवळ वर्गातील तास मोजण्याची जुनी सवय असलेला विभागप्रमुख ‘आठवड्याला चारच तास शिकवले’ म्हणून तीनच श्रेयांक देऊ पाहतो. कोणता हिशेब धरायचा, हे संस्थेने आधी लिहून ठेवले नसेल, तर विद्यार्थ्याचे श्रेयांक टेबलावर कोण बसले आहे त्यावर ठरतात.

एक उदाहरण

समजा, पुण्यातील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयातील संगणक शाखेची विद्यार्थिनी पाचव्या सत्रासाठी जर्मनीला जाते. घरी तिला २० श्रेयांक हवेत. तिकडे ती विदा-आधार म्हणजे डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम आणि मशीन लर्निंग असे प्रत्येकी सहा श्रेयांकांचे तीन विषय घेते. सहा श्रेयांकांचा एक प्रकल्प आणि तीन श्रेयांकांची जर्मन भाषा धरून बेरीज २७ होते. तीनास दोन या प्रमाणात घरचे १८ श्रेयांक भरतात. पहिले दोन विषय घरच्या अनिवार्य विषयांच्या जागी, मशीन लर्निंग पर्यायी विषयाच्या जागी, प्रकल्प प्रयोगशाळेच्या जागी आणि भाषा मुक्त पर्यायी विषयाच्या जागी बसते. उरलेले दोन श्रेयांक तिकडे न शिकवल्या जाणाऱ्या अनिवार्य विषयाचे आहेत. ते सहाव्या सत्रात किंवा संस्थेला मान्य असेल तर ‘स्वयम्’वरून पूर्ण करायचे, हेही आधीच ठरते.

हे सारे ‘लर्निंग अॅग्रीमेंट’ नावाच्या करारपत्रात जाते. त्यात दोन रकाने असतात: तिकडे कोणता विषय घेणार आणि इकडे तो कोणत्या विषयाच्या जागी धरणार. विद्यार्थी, घरची संस्था आणि परदेशी विद्यापीठ अशा तीन सह्या लागतात. घोळ बहुधा दुसऱ्या रकान्यात होतो. तो रिकामा ठेवून किंवा ‘समकक्ष विषय’ एवढेच लिहून सही केली, तर परत आल्यावर त्या कागदाला काही अर्थ उरत नाही.

तिकडे पोहोचल्यावर एखाद्या विषयाच्या वेळा जुळत नाहीत, जागा भरलेल्या असतात, किंवा विषय फक्त जर्मनमध्ये शिकवला जातो असे कळते. मग विषय बदलावा लागतो. युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस योजनेत असे बदल सत्राच्या पहिल्या पाच आठवड्यांत नोंदवणे अपेक्षित असते. घरच्या विभागाने तेवढ्या काळात ई-मेलला उत्तर दिले नाही, तर विद्यार्थिनी बदललेला विषय स्वतःच्या जोखमीवर शिकते.

सही कोणाची चालते?

स्वायत्त महाविद्यालयात अभ्यासमंडळ आणि विद्या परिषद असते. ती समकक्षता मान्य करू शकतात. विद्यापीठाशी संलग्न पण स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयाची गोष्ट वेगळी आहे. तिथे अभ्यासक्रम विद्यापीठाचा आणि गुणपत्रिकाही विद्यापीठाची. प्राचार्यांनी करारपत्रावर केलेली सही परदेशी विद्यापीठाला पुरते, पण विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला ती बांधील नसते. अशा महाविद्यालयाने विद्यापीठाची लेखी मान्यता नसताना एक्स्चेंजची जाहिरात करणे, म्हणजे जे आपल्या हातात नाही ते देऊ करणे होय.

गुणांचे काय?

जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४.० ही उत्तीर्ण होण्याची शेवटची पायरी. परदेशी गुण जर्मन श्रेणीत आणण्यासाठी तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. तेच उलटे लावता येते. घरी कमाल १० आणि उत्तीर्णतेसाठी ४ गुण धरले, तर जर्मनीतील २.० म्हणजे इथले ८ आणि ३.० म्हणजे ६. काही संस्था गुण न बदलता फक्त श्रेयांक जमा करतात आणि ते सत्र सरासरीतून वगळतात. दोन्ही पद्धतींना आधार आहे. मात्र कोणती लागू होणार, हे निवडीच्या सूचनेतच सांगायला हवे. तिकडची श्रेणी हाती आल्यावर पद्धत ठरवणे न्याय्य नाही.

वेळापत्रकाचा फटका

आपले विषम सत्र साधारण जुलै ते नोव्हेंबर आणि सम सत्र जानेवारी ते मे असते. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च चालते. तासिका फेब्रुवारीच्या मध्यावर संपतात आणि परीक्षा पुढे मार्चपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे पाचव्या सत्रासाठी गेलेल्या विद्यार्थिनीचे सहाव्या सत्रातील दीड-दोन महिने बुडतात. उपयोजित विज्ञान विद्यापीठांत हेच सत्र १ सप्टेंबर ते अखेर फेब्रुवारी असते आणि नुकसान कमी होते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचे पहिले सत्र ऑगस्टमध्ये सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीस संपते, त्यामुळे तिथे हा प्रश्न जवळपास उरत नाही. संस्थेने जागा निवडताना विद्यापीठाच्या नावाआधी वेळापत्रक पाहावे आणि उशिरा रुजू होणाऱ्यांच्या हजेरीचा आदेश आधीच काढावा.

यातून आणखी एक अडचण निर्माण होते. पाचव्या सत्राचा निकाल इथे जानेवारीच्या सुमारास लागतो, तेव्हा तिची तिकडची परीक्षाही झालेली नसते. परीक्षा विभागाला कोणी कळवले नसेल, तर संगणक तिला सर्व विषयांत ‘गैरहजर’ दाखवतो. गैरहजर म्हणजे अनुत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण म्हणजे केटी. परदेशी गुणपत्रक यायला सत्रानंतर काही आठवडे लागतात आणि त्यानंतर समितीच्या बैठकीची वाट पाहावी लागते. दरम्यान कॅम्पस भरतीची नोंदणी सुरू होते. ‘थकीत विषय नसावा’ अशी अट घालणाऱ्या कंपनीच्या यादीतून तिचे नाव गळते. त्या विषयांत ती परदेशात उत्तीर्ण झालेली असते, पण निकालपत्र वेगळे सांगते.

यावर उपाय साधा आहे. ‘गैरहजर’ऐवजी ‘एक्स्चेंजवर, निकाल प्रतीक्षेत’ असा वेगळा संकेत निकालप्रणालीत ठेवायचा आणि विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी परीक्षा विभागाकडून त्याची लेखी पोच घ्यायची.

पैसे कुठून येणार?

‘शुल्क माफ’ हे शब्द पालकांची दिशाभूल करतात. माफ होते ते शिकवणी शुल्क. राहणे, खाणे, विमा, विमानभाडे स्वतःचेच. जर्मन व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून दरमहा ९९२ युरो दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो झाले. युरोला शंभर रुपये धरले तर ही रक्कम सहा लाखांच्या घरात जाते. ती आधी गोठवलेल्या खात्यात भरायची आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढायची.

इरास्मस प्लसमध्ये जागा मिळाली तर देशानुसार दरमहा ८०० ते ९०० युरो आणि प्रवासखर्च मिळतो. पण हा निधी परदेशी विद्यापीठाने आपल्या संस्थेसाठी आधी मंजूर करून घेतलेला असावा लागतो. सामंजस्य करार आहे म्हणून तो आपोआप येत नाही. पहिला हप्ता अनेकदा पोहोचल्यानंतर जमा होतो, त्यामुळे तिकीट आणि पहिल्या महिन्याचे भाडे घरूनच न्यावे लागते. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीकडे काही जण पाहतात, पण ती पदव्युत्तर आणि पीएचडीच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी आहे, एका सत्रासाठी नाही.

परिणामी जागा गुणवत्तेवर जाहीर होते आणि सहा लाख उभे करू शकणाऱ्यालाच मिळते. यादीतील पहिला विद्यार्थी माघार घेतो, तिसरा किंवा चौथा जातो. संस्थेने निदान परतीच्या बोलीवर बिनव्याजी आगाऊ रक्कम देण्याची सोय केली, तर व्हिसापुरती अडचण तरी सुटेल. गोठवलेल्या खात्यातील पैसे बुडत नाहीत. ते काही महिन्यांसाठी हवे असतात.

संस्थांनी काय करावे?

करारांची संख्या वाढवण्यापेक्षा प्रत्येक करारासोबत चार कागद जाहीर करावेत: श्रेयांक रूपांतराचा नियम, गुणांचा नियम, यापूर्वी मान्य झालेल्या विषयांची यादी आणि परीक्षा विभागाचा आदेश. मान्य विषयांची यादी दरवर्षी वाढत जाते, त्यामुळे पुढच्या विद्यार्थ्याला प्रत्येक विषयासाठी नव्याने दारोदार फिरावे लागत नाही. हे कागद ज्या संस्थेकडे नाहीत, तिथे नामनिर्देशन स्वीकारण्यापूर्वी विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारावा: याआधी गेलेल्यांच्या अंतिम गुणपत्रिकेवर ते सत्र कसे छापले गेले? उत्तर म्हणून गुणपत्रिका दाखवली गेली, तर करार खरा आहे. फक्त छायाचित्र दाखवले गेले, तर तो अजून भिंतीवरच आहे.