प्रबंधाला कात्री लावून पुस्तक होत नाही

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आटोपते, पेढे वाटून होतात आणि विभागातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘एवढं केलंच आहे, तर आता पुस्तकही काढून टाका.’ या सल्ल्यातलं ‘काढून टाका’ फार बोलकं आहे. पुस्तक तयारच आहे, फक्त बाहेर काढायचं बाकी आहे, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या प्रकरणातला पूर्वसंशोधनाचा आढावा गाळा, तिसऱ्यातली संशोधनपद्धती गाळा, तळटीपा कमी करा, मुखपृष्ठ करून घ्या, झालं.

हा समज टिकण्यामागे व्यवहार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या पुस्तकाला दहा गुण आहेत, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्याला बारा. भारतात आयएसबीएन क्रमांक मोफत मिळतो. प्रबंध आहे तसा छापून देऊ, असं सांगणारी पत्रं नव्या पीएच.डी.धारकाच्या ई-मेलमध्ये येऊन पडतात. तिथे ना संपादक मजकूर वाचतो, ना बाहेरचा समीक्षक. गुण मात्र मोजले जातात. त्यामुळे कात्रीपंथाला अनुयायी मिळत राहतात.

या पंथाकडे भारदस्त दाखलेही आहेत. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण तर ठरलेलं. त्यांचा कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध पुस्तकरूपाने आलाच ना? आला, पण कसा ते पाहायला हवं. कोलंबियाने तो १९१७च्या सुमारास स्वीकारला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचं पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने १९२५मध्ये काढलं. त्याचा शेवटचा भाग १९१९च्या कायद्यानंतरच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे. १९१७च्या प्रबंधात तो असणं शक्यच नव्हतं. मधल्या काळात विषय पुढे सरकला होता आणि पुस्तक त्याच्याबरोबर सरकलं.

दुसरा दाखला एलिनॉर झेलियट यांचा, आणि तो जास्त अवघड आहे. आंबेडकर आणि महार चळवळ यांवरचा त्यांचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला प्रबंध १९६९चा. पुस्तक म्हणून तो आला थेट २००४मध्ये आणि पुन्हा २०१३मध्ये. मधली पस्तीस वर्षं अभ्यासक प्रबंधच वाचत होते. मग प्रबंध वाचनीय नसतो असं कसं म्हणायचं? तसं म्हणायचंच नाही. झेलियट यांचा प्रबंध एका चळवळीचा काळाच्या ओघात सांगितलेला इतिहास होता आणि इंग्रजीत त्या विषयावर तेवढं सविस्तर दुसरं काही नव्हतं. ज्याच्या प्रबंधाची स्थिती अशी असेल त्याने खुशाल कात्री घ्यावी. आज समाजशास्त्रात, अर्थशास्त्रात, वाणिज्यात होणाऱ्या बहुतेक प्रबंधांचा सांगाडा निराळा असतो.

तो सांगाडा एका कल्पित प्रबंधावर उघडून पाहू. शीर्षक नेहमीच्या वळणाचं: ‘मुंबईतील गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांची सामाजिक-आर्थिक स्थिती: एक अभ्यास’. प्रकरणं सात. प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधनपद्धती, गिरणगावाची ओळख, माहितीचं विश्लेषण, गृहीतकांची पडताळणी, निष्कर्ष व शिफारशी. पाचव्या प्रकरणात चाळीसेक तक्ते. प्रत्येक तक्त्याखाली ‘वरील तक्त्यावरून असे निदर्शनास येते की’ असं म्हणून तक्त्यातलेच आकडे पुन्हा शब्दांत. उत्तर देणाऱ्या एकशेवीस बायका, आणि त्यांच्यातल्या एकीचाही चेहरा दिसत नाही. वयोगट, शिक्षण, मासिक उत्पन्न आणि कर्ज या चार तक्त्यांत ती चार ठिकाणी वाटली गेलेली असते.

यात संशोधिकेचा दोष नाही. प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. पद्धत नीट पाळली का, आधीचं वाचलं का, निष्कर्ष माहितीतून निघतात का, हे त्यांना तपासायचं असतं आणि ते तपासण्यासाठी सगळं वाचणं त्यांना भाग असतं. पुस्तकाच्या वाचकावर असली सक्ती नसते. आता या प्रबंधातून आढावा आणि पद्धत कापली, तर उरतं काय? गिरणगावाची ओळख, तक्ते आणि शिफारशी. म्हणजे परीक्षकाच्या उपयोगाचं गेलं आणि वाचकाच्या उपयोगाचं काही आलं नाही.

म्हणून कात्रीच्या आधी प्रस्ताव लिहायचा. ‘आधी पुस्तक पूर्ण करा, प्रस्ताव म्हणजे प्रकाशकाचा फॉर्म, तो शेवटी भरता येतो’ हा दुसरा गैरसमज इथेच मोडतो. विद्यापीठीय किंवा शैक्षणिक प्रकाशकाकडे जाणारा प्रस्ताव साधारण आठ-दहा पानांचा असतो. पुस्तकाचं म्हणणं पानभरात, प्रत्येक प्रकरणाचा दोन-तीनशे शब्दांचा गोषवारा, वाचक कोण, जवळपासची पुस्तकं कोणती, टिपा आणि संदर्भसूची धरून एकूण शब्द किती, चित्रं-तक्ते किती, हस्तलिखित कधी मिळेल आणि मूळ प्रबंधापासून हे किती वेगळं आहे, एवढी उत्तरं त्यात लागतात. यातलं पहिलंच उत्तर प्रबंधात सापडत नाही. ‘स्थितीचा अभ्यास केला’ हे काम झालं, म्हणणं नव्हे.

म्हणणं शोधायला संशोधिकेला आपल्याच माहितीकडे परत जावं लागतं. समजा, तिच्या मुलाखतींत एक गोष्ट वारंवार येते. गिरणीत पगार महिन्याने, पण कामगाराला जेवण रोज. खानावळवाली महिनाभर उधारीवर जेवू घालते आणि स्वतः वाण्याकडून धान्य उधार घेते, त्यावर व्याज भरते. प्रबंधात ही गोष्ट ‘कर्जबाजारीपणाचं प्रमाण’ या तक्त्यात दबून गेली होती. प्रस्तावात ती पहिल्या वाक्यात येते: गिरण्यांच्या मासिक पगारपद्धतीचा भार या बायकांच्या उधारीने वाहिला, त्या नुसत्या स्वयंपाकिणी नव्हत्या, कामगारवस्तीच्या सावकारीतला एक दुवा होत्या. हे वाक्य कोणी खोडून काढू शकतो. म्हणूनच ते पुस्तकाचं म्हणणं होऊ शकतं.

एकदा हे ठरलं की जवळच्या पुस्तकांचा रकानाही अर्थपूर्ण होतो. राजनारायण चंदावरकरांचं मुंबईच्या औद्योगिक भांडवलशाहीवरचं १९९४चं पुस्तक आहे, मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून सांगितलेला २००४चा इतिहास आहे. ‘या विषयावर आजवर कोणीच लिहिलेलं नाही’ असं प्रस्तावात लिहिणारा संपादकाच्या मनात शंकाच निर्माण करतो: एक तर याने वाचलेलं नाही किंवा विषयाला वाचक नाही. त्यापेक्षा या पुस्तकांच्या शेजारी आपलं कुठे बसतं आणि कोणत्या मुद्द्यावर त्यांच्याशी जमत नाही, हे दोन-दोन वाक्यांत सांगावं. प्रबंधातल्या आढाव्याचं सार इतकंच उरतं. बाकीचं जिथे वाद येईल तिथल्या टिपेत जातं.

आता प्रकरणं. प्रबंधाची प्रकरणं संशोधनाच्या पायऱ्यांनी चालतात, पुस्तकाची युक्तिवादाच्या पायऱ्यांनी. वरच्या उदाहरणात पहिलं प्रकरण पगाराच्या तारखेवर उभं राहतं, दुसरं उधारीच्या वहीवर. तिसरं चाळीतल्या त्या एका खोलीवर, जिथे पाळीप्रमाणे जेवणाऱ्यांच्या पंगती उठतात आणि घरची माणसं रात्री झोपतात. चौथं १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळावर: बँकेचं कर्ज आलं तेव्हा वाण्याची पकड सुटली का? पाचवं १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपावर, जेव्हा पगारच थांबला आणि उधारीची साखळी कुठवर ताणते ते दिसलं. प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणातले चाळीस तक्ते फुटून या पाचांत विखुरतात आणि त्यातले फार तर चार-पाच तक्ते म्हणून उरतात. एकशेवीसपैकी पाच-सहा बायका प्रकरणाप्रकरणांतून चालत राहतात. बाकीच्या त्यांच्या म्हणण्याला बळ देतात. पद्धतीची चार पानं परिशिष्टात. शिफारशी रद्द.

इथे दोन अडचणी उघड्या पडतात, आणि हाच प्रस्तावाचा खरा उपयोग. पहिली म्हणजे दुसऱ्या प्रकरणात वाणी नाही. संशोधिकेने सगळ्या मुलाखती बायकांच्या घेतल्या, उधार देणाऱ्याची बाजू राहूनच गेली. प्रबंधाला ते चाललं, कारण शीर्षकच ‘स्त्रियांची स्थिती’ होतं. पुस्तकाचं म्हणणं उधारीवर असेल तर समीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवणार. म्हणजे आणखी काही महिन्यांचं क्षेत्रकाम आलं, आणि हस्तलिखिताची तारीख त्या हिशेबाने द्यायला हवी. दुसरी अडचण संमतीची. मुलाखत देताना बाईंनी होकार दिला तो ‘कॉलेजच्या अभ्यासासाठी’. टक्केवारीत विरघळलेली बाई आणि पुस्तकाच्या तीन प्रकरणांत बोलणारी बाई यांत फरक आहे. नाव बदललं तरी चाळीतल्या शेजारणीला ती ओळखू येते. संमती पुन्हा घ्यावी लागते, आणि एखादी नाही म्हणाली तर तिला पुस्तकातून बाहेर ठेवावं लागतं.

एक आक्षेप अलीकडचा आहे. प्रबंध ‘शोधगंगा’वर सगळ्यांना खुला असतो, मग प्रकाशक तो घेईल कशाला? ही भीती अगदीच पोकळ नाही. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशननेच २०१३मध्ये तरुण इतिहासकारांचे प्रबंध सहा वर्षांपर्यंत बंद ठेवता यावेत, अशी भूमिका घेतली होती. पण तिच्यामागचं गृहीत पाहा: प्रबंध आणि पुस्तक एकच असेल तरच एक दुसऱ्याचं गिऱ्हाईक खातो. वर मांडलेलं पुस्तक ज्याला हवं त्याला ते शोधगंगेवर मिळणार नाही, कारण तिथे वहीही नाही आणि वाणीही नाही. कात्रीने कापलेलं पुस्तक मात्र तिथे जवळपास सगळंच मिळतं, आणि मजकूर तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तसं दिसतंही. प्रबंध खुला आहे हे लपवू नये. प्रस्तावात सरळ लिहावं आणि कोणती प्रकरणं नवी, कोणती पुन्हा लिहिलेली, तेही सांगावं.

मार्गदर्शकांच्या पिढीचा एक आक्षेप उरतो: तक्ते काढले, गृहीतकं काढली, म्हणजे शास्त्रीयता पातळ झाली. हे उलटं आहे. ‘खानावळवाल्या स्त्रियांमध्ये कर्जबाजारीपणा आढळतो’ हे गृहीतक सिद्ध झाल्याने कोणाचं काही बिघडत नाही, कारण ते कोणी नाकारतच नव्हतं. ‘उधारीने पगारपद्धतीचा भार वाहिला’ हे विधान मात्र अंगावर घ्यावं लागतं. त्याला पुरावा जास्त लागतो, आणि बाहेरचे समीक्षक नेमका तोच मागतात. त्यांचे अहवाल आल्यावर लेखिकेला लेखी उत्तर द्यावं लागतं: हे मान्य, हे बदलते, हे या कारणासाठी बदलत नाही. संपादक मंडळ करार करायचा की नाही ठरवतं तेव्हा त्या अहवालांबरोबर हे उत्तरही त्यांच्यासमोर असतं.

प्रत्येक प्रबंधात असं म्हणणं दडलेलं असतं असं मात्र नाही. कधी दोन प्रकरणं भक्कम असतात आणि बाकीची त्यांना टेकलेली. अशा वेळी प्रस्तावाचं पहिलं पान महिनाभर घासूनही लिहून होत नाही, आणि त्यातच उत्तर असतं: त्या दोन प्रकरणांचे नियतकालिकांसाठी दोन लेख करावेत. उरलेला प्रबंध शोधगंगेवर आहेच. पुढच्या संशोधकाला तक्ते लागतील, तेव्हा तो ते तिथून घेईल.