नागलीच्या भाकरीचं चित्र

सिल्व्हासाजवळच्या दुधनीहून नणंदेनं विचारलं, "वहिनी, यूट्यूबवर नागलीच्या भाकरीच्या व्हिडिओला चित्र हवंय. एआय ॲपला काय लिहून देऊ?"

नागली म्हणजे आपली रागी. तिची तपकिरी भाकरी काळ्या तव्यावर दिसतच नाही. म्हणून मी लिहून दिलं: "आडवं चित्र, १६:९. उजवीकडे कमरेपर्यंत बाई, भाकरी छातीशी धरलेली, डोळे आनंदानं विस्फारलेले. मागे सपाट पिवळा रंग. डावीकडचा तिसरा हिस्सा रिकामा. अक्षरं नकोत."

ॲपनं काढलेली देवनागरी किंवा कन्नड अक्षरं बरेचदा मोडकी येतात. रिकाम्या जागेत तीन-चार शब्द आपणच नंतर घालावेत. खाली उजव्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ उमटते, तिथे भाकरी येऊ देऊ नये. शेवटी चित्र नखाएवढं करून बघावं. भाकरी ओळखू आली, तर जमलं!