‘दिलेल्या तापमानाला’

बी.एस्सी.च्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न वर्षानुवर्षे येतो. एका प्रणालीत दोनच ऊर्जापातळ्या आहेत. त्यांतले अंतर अमुक. दिलेल्या तापमानाला प्रत्येक पातळीत किती टक्के कण असतील ते पार्टिशन फंक्शन वापरून काढा. विद्यार्थी दोन पदांची बेरीज करतो, प्रत्येक पदाला त्या बेरजेने भागतो, टक्के लिहितो आणि मोकळा होतो. तपासणाराही मोकळा होतो. ‘दिलेल्या’ या शब्दावर कोणी बोट ठेवत नाही. तापमान दिले, म्हणजे कोणी दिले?

ही शंका उगाच काढलेली नाही. एकदा हा प्रश्न विचारायचा राहून गेला आणि उत्तर हातात असूनही चोवीस वर्षे ते कोणाला दिसले नाही.

झीटा ऑफियुकी हा एक तेजस्वी तारा. त्याच्या आणि आपल्या मधे वायूचा एक विरळ ढग आहे. ताऱ्याचा प्रकाश त्यातून येतो तेव्हा ढगातले रेणू ठरावीक तरंगलांबी गिळतात, आणि वर्णपटात तिथे काळी रेघ उमटते. माउंट विल्सन वेधशाळेत वॉल्टर अ‍ॅडम्स यांनी घेतलेल्या वर्णपटांत ३८७४ अँगस्ट्रॉमच्या आसपास अशा दोन रेघा होत्या. दोघींत अंतर सुमारे ०.६ अँगस्ट्रॉम. एक ठसठशीत, दुसरी जेमतेम. दोन्ही एकाच रेणूच्या: एक कार्बन, एक नायट्रोजन. ठसठशीत रेघ सर्वांत खालच्या फिरण्याच्या पातळीतल्या रेणूंची, फिकट रेघ त्याच्या वरच्या पातळीतल्या रेणूंची. अ‍ॅडम्स यांचा त्यांच्या गडदपणाचा अंदाज पाचास एक असा होता.

कॅनडातल्या व्हिक्टोरियाच्या वेधशाळेत अँड्र्यू मॅककेलर यांनी १९४१ साली या पाचास एकवरून गणित केले. ते आजही कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर मावते. दोन्ही पातळ्यांतला रेणू सारख्याच जोराने प्रकाश गिळत नाही. वरच्या पातळीतल्या रेणूचा त्या रेघेतला वाटा खालच्याच्या दोनतृतीयांश असतो. म्हणून रेघांचे गुणोत्तर एकपंचमांश असेल, तर रेणूंचे गुणोत्तर त्याच्या दीडपट, म्हणजे ०.३. खालच्या पातळीत दहा रेणू, तर वरच्या पातळीत तीन.

आता पार्टिशन फंक्शन. दोन पातळ्यांतले अंतर केल्विनमध्ये मोजले तर ५.४५ भरते. खालच्या पातळीत एकच अवस्था आहे. वरच्या पातळीत सारख्याच ऊर्जेच्या तीन अवस्था आहेत, म्हणून तिच्या पदाला तिनाने गुणायचे:

Z = 1 + 3e^(−5.45/T)

यातले १ हा खालच्या पातळीचा वाटा, उरलेले पद वरच्या पातळीचा. दोघांचे गुणोत्तर घेतले की Z कटते. आकाशातल्या ढगात एकूण रेणू किती हे माहीत नसले तरी काम अडत नाही, ते याच्यामुळे. ०.३ हे वरच्या पदाबरोबर मांडा, लॉगरिदम घ्या: ५.४५ भागिले दहाचा नैसर्गिक लॉग, म्हणजे ५.४५ भागिले २.३. उत्तर २.४ केल्विनच्या किंचित खाली. मॅककेलर यांनी २.३ लिहिले. या तापमानाला Z १.३ आहे. म्हणजे शंभरातले ७७ रेणू खाली, २३ वर. (तो तीन विसरलात तर साडेचार केल्विन येईल. उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त गुण याच तिनापायी जातात.)

मग हा आकडा गेला कुठे? तक्त्यात गेला. गेरहार्ड हर्झबर्ग यांनी द्विअणू रेणूंच्या वर्णपटांवरच्या आपल्या ग्रंथात १९५० साली त्याची दखल घेतली. मात्र या तापमानाला फार अर्थ चिकटवू नये, असेही बजावले. पुढे नोबेल मिळवणारा, रेणूंचे वर्णपट कोळून प्यालेला हा माणूस. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण सूत्राच्या अंगाने पाहिले तर त्यांचे म्हणणे चूक नव्हते, आणि गोम नेमकी तिथेच आहे.

पातळ्या दोनच असतील तर हे सूत्र कधी ‘नाही’ म्हणत नाही. वर-खालचे कोणतेही गुणोत्तर आणा, ते एक तापमान काढून देते. ०.३ आणा, २.३७ मिळेल. २.७ आणा, पन्नासेक मिळेल. तिनापेक्षा जास्त आणलेत तर ऋण तापमान मिळेल, पण मिळेल. एक मोजमाप, एक अज्ञात, एक समीकरण. जुळणारच. जुळले म्हणून ढगात खरेच कोणी २.३ केल्विन तापमान राखून बसले आहे, असे सिद्ध होत नाही. हर्झबर्ग यांची सावधगिरी एवढ्यापुरती रास्त होती.

रास्त नव्हते ते तिथे थांबणे. कारण त्या तेवीस टक्क्यांपाशी एक साधा प्रश्न उभा होता. वरच्या पातळीत पोचलेला हा रेणू तिथे स्वस्थ बसत नाही. सरासरी एका दिवसात तो २.६ मिलिमीटर तरंगलांबीचा एक फोटॉन टाकून खाली येतो. कोणी पुन्हा वर ढकलले नाही तर आठवड्याभरात ती फिकट रेघ पुसली जायला हवी. ती तर दर वेधाला होती. म्हणजे कोणीतरी त्यांना वर ढकलत होते, आणि खाली येणाऱ्यांची भरपाई रोज होत होती.

ढकलणारा कोण? संशयित दोनच. एक, आजूबाजूच्या अणूंच्या टकरा. पण ढगातला वायू पन्नास केल्विनच्या आसपास ऊबदार आहे. टकरांचा शब्द चालत असता, तर गुणोत्तर २.७ च्या घरात गेले असते, मोजलेल्याच्या नऊपट. शिवाय ढग इतका विरळ की रेणूला वर ढकलेल अशी टक्कर दिवसाच्या हिशेबात क्वचितच होते. टकरा बाद. उरला २.६ मिलिमीटरचा प्रकाश. तो ढगात सगळीकडे असला पाहिजे, आणि त्याचे तापमान दोन-अडीच केल्विनच्या आसपास असले पाहिजे. एवढे सगळे १९४१ च्या आकड्यात होते.

कोणी विचारले नाही. १९६५ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या पेन्झिअस आणि विल्सन यांच्या अँटेनात ७.३५ सेंटिमीटरवर एक न हटणारी खरखर सापडली, साडेतीन केल्विनची, एकाची चूकभूल धरून. विश्वभर पसरलेल्या प्रारणाची ती पहिली उघड नोंद. त्यानंतर वर्षभरात लोकांना जुना आकडा आठवला आणि फायली काढल्या गेल्या.

आणि आता ‘दोन पातळ्या’ या सोयीविषयी. त्या रेणूला खरे तर तिसरीही पातळी आहे. खालून १६.३ केल्विनवर, पाच अवस्थांची. प्रारणाचे आजचे तापमान, २.७३, घालून पाहा. खालच्या पातळीत शंभर रेणू, तर मधल्या पातळीत एकेचाळीस आणि तिसरीत एक, फार तर सव्वा. Z १.४१ वरून १.४२ होतो. टक्क्याभराचा फरक. गाळायला हरकत नाही, आणि वर आपणही गाळलीच. पण गाळताना काय गेले ते पाहा. पहिल्या दोन पातळ्यांवरून तापमान काढायला मोकळीक होती, ते काहीही निघू शकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवरून काढलेलेही तेवढेच निघाले, तरच ‘दिलेले’ तापमान खरोखर कोणीतरी दिलेले आहे म्हणता येते. हिशेबात जी नगण्य, तीच एकमेव साक्षीदार. तिची रेघ अतिशय फिकट. पुढे अधिक संवेदनशील उपकरणांनी ती मोजली. साक्ष जुळली. १९९३ साली अनेक ताऱ्यांच्या दिशेने घेतलेल्या अशा मोजणीतून २.७३ केल्विन आले. कोबे उपग्रहाने थेट प्रारण मोजून काढलेला आकडा त्याच्या शेजारीच बसतो.

साक्षीदार न बोलावता निकाल दिला की काय होते, त्याचेही उदाहरण आकाशात आहे. फॉर्मल्डिहाइड रेणूच्या दोन पातळ्यांत सहा सेंटिमीटर तरंगलांबीएवढे अंतर आहे, केल्विनमध्ये जेमतेम पाव. १९६९ साली काळ्या ढगांत दिसले की हे रेणू मागच्या पार्श्वभूमीच्या प्रारणातलेच फोटॉन गिळत आहेत. म्हणजे खालच्या पातळीत त्यांची गर्दी इतकी, की सूत्राने काढलेले तापमान २.७ च्याही खाली उतरते. ढगातला वायू दहा केल्विनच्या आसपास. भोवतीचे प्रारण २.७३. रेणू दोघांपेक्षा थंड. असे थंड करणारे भोवती काही नाही. इथल्या टकराच अशा विचित्र आहेत की त्या रेणूंना वरच्या पातळ्यांतून फिरवून शेवटी खालच्या पातळीत आणून सोडतात. सूत्र मात्र नेहमीप्रमाणे एक आकडा देते. तो आकडा घेऊन त्याच रेणूच्या बाकीच्या पातळ्यांसाठी Z काढायला बसलात, तर सगळे टक्के चुकतील आणि चुकल्याचे सूत्र सांगणार नाही.

प्रश्नपत्रिकेतला तो प्रश्न ‘दिलेल्या तापमानाला’ असाच येत राहील. एखाद्या वर्षी तो उलटा विचारता येईल: खालच्या पातळीत दहा, वरच्या पातळीत तीन. तापमान काढा, आणि ते कोणी राखले आहे ते लिहा. दुसऱ्या भागाला गुण जास्त द्यावेत. पहिला भाग मॅककेलर यांनी १९४१ सालीच सोडवला होता. ते १९६० साली वारले, अँटेनातली खरखर सापडण्याच्या पाच वर्षे आधी.