स्टडी टेबल विकताना "कोणतं लाकूड?" हा दुसरा प्रश्न आहे

या आठवड्याच्या व्हिडिओत तीन तुकडे पाण्यात उभे करून दाखवले होते. आज त्यामागची गोष्ट सांगतो. ती माझ्याच दुकानातली आहे आणि त्यात चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये कोल्हापुरातल्या एका काकांनी मुलीसाठी स्टडी टेबल नेलं. मुलगी दहावीत. टेबल ४ फूट बाय २ फूट, १८ मिमी प्रीलॅम पार्टिकल बोर्डाचं, दोन्ही बाजूंना बोर्डाच्याच उभ्या साइड. किंमत साडेसहा हजार. ऑक्टोबरमध्ये काका मोबाइलवर फोटो घेऊन आले. साइडच्या खालच्या कडा फुगून वडापावच्या पावासारख्या झालेल्या, एज बँडची पट्टी सुटलेली आणि टेबल हलतंय. मी लगेच पाठ केलेलं वाक्य टाकलं: "काका, पाणी लागलं तर कंपनी जबाबदार नसते." काका शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. पण विकताना पाणी लावू नका असं म्हणाला होता का? तुम्ही तर इंजिनिअर्ड वूड आहे, काही होत नाही म्हणाला होता."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुताराला घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि टेबल उलटं केलं. तेव्हा कळलं की मी वर्षभर जे टेबल विकत होतो ते खालून मी एकदाही बघितलेलं नव्हतं.

पाणी कुठून शिरलं?

टेबलाच्या समोरच्या कडांना छान पट्टी होती. साइडच्या खालच्या कडा मात्र उघड्या. मागच्या कडाही उघड्या, कारण त्या भिंतीकडे जातात, दिसत नाहीत. खाली प्लास्टिकच्या गुट्ट्यासुद्धा नव्हत्या, बोर्ड थेट फरशीवर. त्या घरात रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते. आपल्याकडे कुठल्या घरात पुसली जात नाही? म्हणजे ते टेबल रोज सकाळी थोडं थोडं पाणी पीत होतं.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक कण डिंकात म्हणजे रेझिनमध्ये कालवून, गरम प्रेसखाली दाबून केलेली शीट. वरच्या थरात कण बारीक असतात, मधल्या गाभ्यात जाड आणि सैल. वर मेलामाइनचा कागद असतो, तो पाणी अडवतो. म्हणून टेबलटॉपवर चहा सांडला आणि पुसला तर काही होत नाही. पण कापलेल्या कडेला गाभा उघडा पडतो. तिथून पाणी आत गेलं की दाबून बसवलेले कण पुन्हा फुलायला बघतात आणि फुलताना आपसातली रेझिनची पकड तोडतात. म्हणूनच बोर्ड वाळल्यावर पूर्वीच्या मापात येत नाही. दाबलेला चिवडा एकदा फुगला की त्याची परत वडी होत नाही.

एमडीएफचं तसंच आहे, फक्त वेग कमी. त्यात कण नसून लाकडाचा पार तंतू केलेला असतो, त्यामुळे वरपासून खालपर्यंत एकसारखा आणि घट्ट. व्हिडिओतल्या तिन्ही तुकड्यांची जाडी मी आधी मोजून ठेवली होती आणि रात्रभर एक सेंटिमीटर पाण्यात उभे केले होते. पार्टिकल बोर्डाची कड सकाळी १८ वरून २० मिमीच्या पुढे गेली होती आणि नखाने कण निघत होते. साधा एमडीएफ त्यापेक्षा कमी फुगला, पण वाळल्यावर तोही परत बसला नाही. सागवानाचा तुकडा किंचित फुगला आणि दोन दिवसांत जवळपास मूळ मापावर आला. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या पुरवठादाराच्या कटिंगचे तुकडे आणा आणि काउंटरवर हाच प्रयोग करा. प्रत्येक कंपनीचा बोर्ड वेगळा वागतो.

एक खुलासा. "आतून हिरवा आहे म्हणजे वॉटरप्रूफ" असं ग्राहकाला सांगू नका. हिरवा रंग ओळखीसाठी घातलेला असतो. तो बोर्ड ओलाव्याला जास्त तग धरतो, पण पाण्यात उभा राहण्यासाठी नसतो.

टेबल हलायला का लागलं?

काकांनी ऑगस्टमध्ये टेबल बेडरूममधून हॉलमध्ये ओढत नेलं होतं. ओढताना साइड तिरक्या झाल्या, मागचे स्क्रू सैल झाले. काकांनी ते पुन्हा पिळले. दोन दिवसांनी परत सैल. तिसऱ्यांदा पिळल्यावर स्क्रू नुसता फिरायला लागला आणि खाली भुसा पडला.

स्क्रूची पकड म्हणजे त्याचे आटे ज्यात रुततात त्याची ताकद. पार्टिकल बोर्डाच्या सपाट बाजूने स्क्रू घातला तर त्याला वरचा बारीक, घट्ट थर मिळतो. कडेतून घातला तर तो बरोबर त्या सैल गाभ्यात जातो. शिवाय इथे फिटिंगवाल्याने सीलिंगचे काळे स्क्रू, आधी भोक न पाडता, ड्रिलने थेट कडेत मारले होते. स्क्रू घट्ट बसल्यावर दिलेला एक जास्तीचा पीळ आतल्या कणांचा भुगा करतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पकड मात्र तिथेच गेलेली असते.

एमडीएफची सपाट बाजू स्क्रू चांगला धरते. कडेत मात्र तो वेगळा दगा देतो: भोक न पाडता स्क्रू मारला तर कड पुस्तकाच्या पानांसारखी मधून उकलते. ४ मिमीचा स्क्रू असेल तर आधी साधारण ३ मिमीचं भोक पाडायचं, कोपऱ्यापासून दोन इंच तरी आत राहायचं आणि शेवटचा पीळ हाताने द्यायचा. पार्टिकल बोर्डाच्या कडेलाही हीच शिस्त. दोन बोर्ड काटकोनात जोडायचे असतील तर ७ बाय ५० चा जाड आट्यांचा कन्फर्मॅट स्क्रू आणि त्यासाठी कडेत ५ मिमीचं भोक.

सॉलिड लाकूड या बाबतीत राजा, आणि सैल झालेला जोड पुन्हा करता येतो. पण त्याच्याही टोकाला, म्हणजे जिथे रेषा कापल्या जातात तिथे, स्क्रू कमी धरतो. शिवाय लाकूड हवामानाप्रमाणे हलतं. २ फूट रुंदीची फळी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काही मिलिमीटर कमी-जास्त होते. ती चारी बाजूंनी स्क्रूने जखडली तर एप्रिलमध्ये मधोमध चीर पडते. म्हणून खालच्या पट्टीत लांबट भोकं पाडून फळीला सरकायला जागा द्यावी लागते. ओलं लाकूड असेल तर तेही वाचवत नाही. "सॉलिड आहे, आयुष्यभर चालेल" हे वाक्यसुद्धा तेवढंच अर्धवट आहे.

मग माझं मत काय?

आपण दुकानदार "पार्टिकल बोर्ड स्वस्त, एमडीएफ मधलं, सॉलिड भारी" अशी शिडी दाखवतो आणि ग्राहकाला वर चढवायला बघतो. मला ही शिडीच चुकीची वाटते. पहिला प्रश्न लाकडाचा नाहीच. टेबलाला पाणी कुठे लागणार आणि स्क्रू कशात रुतणार, हे दोन प्रश्न आधी. त्यांची उत्तरं मिळाली की माल आपोआप ठरतो.

काकांना मी टेबल बदलून दिलं. नवा टॉपही पार्टिकल बोर्डाचाच होता! फक्त पाय लोखंडी चौकटीचे, खाली रबरी बूट. फरशीचं पाणी बोर्डापर्यंत पोचतच नाही. आणि चौकटीतून स्क्रू खालून टॉपच्या सपाट बाजूत जातात, कडेत एकही नाही. १८ मिमी टॉपला १६ मिमीचा स्क्रू, चौकटीची पट्टी धरून, म्हणजे वर टोक निघत नाही. टॉपच्या चारही कडांना पट्टी, मागची धरून. ते टेबल मुलीच्या बारावीनंतरही वापरात होतं, तेव्हा काकांनीच सांगितलं.

म्हणून माझ्या दुकानात आता असं आहे. चार-पाच वर्षांचं काम, भाड्याचं घर, बेताचं बजेट असेल तर प्रीलॅम पार्टिकल बोर्डाचा टॉप लोखंडी पायांवर. गोलाई, खाचकाम किंवा रंग हवा असेल तिथे एमडीएफ, कडांना आधी सीलर मारून, कारण कच्ची कड रंग पिते. दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्या घराला, किंवा टेबल धाकट्या भावंडापर्यंत जावं असं वाटणाऱ्याला, वाळलेल्या सॉलिड लाकडाची चौकट. बोर्डाच्या साइड जमिनीवर टेकवलेलं टेबल मी आता विकत नाही.

माझा एक मित्र, त्याचंही दुकान आहे, म्हणतो, "ग्राहक फक्त किंमत बघतो, पट्टीचे पैसे कोण देणार?" हिशेब बघा. त्या जुन्या टेबलावर खालच्या कडा ४ फूट, साइडच्या मागच्या कडा जेमतेम ५ फूट, टॉपची मागची कड ४ फूट. एकूण १३ फूट पट्टी. मला ती तेव्हा दोनशे-अडीचशे रुपयांत लागली असती. ती वाचली म्हणून साडेसहा हजारांचं टेबल परत आलं आणि टेम्पोचं भाडं वेगळं. पट्टीने ते टेबल अमर झालं नसतं, रोजच्या ओल्या फडक्यापुढे पट्टीचा जोडही कधीतरी हरतो. पण चौथ्या महिन्यात नक्की परत आलं नसतं.

ज्यांच्याकडे आधीच विकलेली अशी टेबलं आहेत त्यांनी एवढं करा. स्क्रू नुसता फिरत असेल तर जाड स्क्रू मारू नका. भोक ८ मिमीचं करा, लाकडी खुंटी फेविकॉल लावून ठोका, एक दिवस वाळू द्या आणि खुंटीत नवीन भोक पाडून स्क्रू लावा. फुगलेली कड मात्र घासून सपाट करू नका, आतला बोर्ड मेलेला असतो. खालचा इंचभर भाग कापा, नव्या कडेला पट्टी लावा आणि खाली उंच गुट्टी बसवा.

आणि उद्या दुकान उघडलं की डिस्प्लेतलं एक टेबल उलटं करा. लॉकच्या किंवा मिनिफिक्सच्या भोकात टॉर्च मारा. आत चिवड्यासारखे कण दिसले तर पार्टिकल बोर्ड, पुठ्ठ्यासारखं एकजीव दिसलं तर एमडीएफ, वरची रेषा कडेवर पुढे गेलेली दिसली तर लाकूड. जे दिसेल ते, त्याच नावाने, बिलावर लिहा. "इंजिनिअर्ड वूड" असं लिहू नका. काकांनी तो शब्द माझ्या तोंडावर परत फेकला, तेव्हा तो किती पोकळ आहे ते मला कळलं.