पुण्यात बसून बर्लिनचा पगार?

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. बर्लिनच्या कंपनीची ऑफर आहे, ते म्हणतात इकडे ये, नाहीतर पुण्यातूनच काम कर. काय करू? तिघांनीही पहिल्या वाक्यात पगाराचा आकडा सांगितला. करार एकानेही नीट वाचला नव्हता. माझं मत विचाराल तर पगार नंतर बघू. आधी बघायचं ते हे, की तुम्ही त्या कंपनीचे नक्की कोण लागता?

कारण 'रिमोट जॉब' हा शब्दच फसवा आहे. ज्या जर्मन कंपनीचं भारतात काहीच नाही ती तुम्हाला थेट नोकरीवर सहसा घेत नाही. घेतलं तर इथला पीएफ, टीडीएस, इथले कामगार कायदे सगळं तिच्या गळ्यात पडतं. मग ती दोनपैकी एक वाट धरते. एक म्हणजे 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड'. भारतातली एक मधली कंपनी कागदोपत्री तुमची मालक होते, पगार देते, पीएफ कापते आणि जर्मन कंपनीला बिल लावते. दुसरी वाट म्हणजे तुम्ही कॉन्ट्रॅक्टर. दर महिन्याला इन्व्हॉइस पाठवायचा, युरो बँकेत येतात. काम तेच, स्टँडअप तोच, स्लॅकवरचे टोमणेही तेच. फरक फक्त नात्यात.

आणि हा फरक रुपयांत केवढा आहे ते बघा. समजा वर्षाला ४५,००० युरो ठरले. हिशेबाला सोपं म्हणून १ युरो = १०० रुपये धरू, म्हणजे ४५ लाख. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत हेच ४५ लाख पगार म्हणून आले तर ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन वजा जाऊन सेससकट साधारण ९ लाख ४४ हजार कर बसतो. तेच ४५ लाख कॉन्ट्रॅक्टर म्हणून आले तर आपल्या सीएंचं लाडकं कलम ४४एडीए मदतीला येतं. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे नंबर बदललेत, पण सगळे अजून ४४एडीएच म्हणतात.) ठरावीक व्यावसायिकांची वर्षाची जमा ७५ लाखांपर्यंत असेल आणि त्यात रोख ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. म्हणजे कर साडेबावीस लाखांवर. तो होतो २ लाख ७३ हजार.

वर्षाला पावणेसात लाखांचा फरक! इथेच सगळ्यांचे डोळे चमकतात. पण थांबा.

जमा २० लाखांच्या वर असल्यामुळे जीएसटी नोंदणी लागते. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात धरली जाते आणि तिच्यावर शून्य दर असतो, पण तो कर न भरता निर्यात करायची तर दरवर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरावं लागतं, आणि पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवावा लागतो. हे कंटाळवाणं आहे, अवघड नाही. एक सीए आणि एक फोल्डर एवढ्यात भागतं.

अवघड आहे ते करारातलं. माझ्या एका कॉलेजमित्राने मला त्याचा कॉन्ट्रॅक्टरचा करार वाचायला दिला. त्यात कामाची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ६ (बर्लिनची), वर्षाला २५ रजा, मॅनेजरची परवानगी घेऊनच सुट्टी, दुसऱ्या कोणाचंही काम करायचं नाही, आणि दरमहा ठरलेली रक्कम. मी त्याला म्हटलं, "अरे, हे तर अपॉइंटमेंट लेटर आहे. वरचं नाव तेवढं बदललंय." आयकर खातं फक्त शीर्षक वाचत नाही. नियंत्रण कोणाचं, वेळ कोण ठरवतं, एकाच ग्राहकावर पोट आहे का, हे सगळं बघून उद्या कोणी म्हणालं की हा पगारच आहे, तर वरचे पावणेसात लाख व्याजासकट परत मागितले जाऊ शकतात. त्याने कंपनीला लिहून रजा आणि वेळेची कलमं काढून घेतली, 'इतर ग्राहकांचं काम करता येईल' हे घालून घेतलं. नुकसानभरपाईच्या कलमाला मर्यादा नव्हती, ती शेवटच्या सहा इन्व्हॉइसच्या रकमेवर आणली. कंपनीने फारशी कुरकूर केली नाही. बहुतेक वेळा तो एचआरने कुठून तरी उचललेला साचा असतो, विचारलं की बदलतात.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. रिटर्नमध्ये उत्पन्न साडेबावीस लाख दाखवलं की गृहकर्ज देणारी बँकसुद्धा मुख्यतः तोच आकडा धरते, आणि तोही सहसा दोन-तीन वर्षांच्या रिटर्नवर. बाणेरला फ्लॅट बघत असाल तर हे आधी जमेस धरा. :)

आता बर्लिन. समजा तिकडे ७०,००० युरो मिळाले. एकट्या माणसाच्या हातात कर, पेन्शन, आरोग्य विमा वगैरे कापून महिन्याला साधारण साडेतीन हजार येतात, त्यातून घरभाडं. निव्वळ शिल्लक बघितली तर पुण्यातला कॉन्ट्रॅक्टर सहज पुढे असतो. मग जायचं कशाला?

माझ्या मते जायचं ते करारासाठी. दहापेक्षा जास्त माणसांच्या जर्मन कंपनीत सहा महिने पूर्ण झाले की तुम्हाला काढायला कायद्याने मान्य होईल असं कारण लागतं. कॉन्ट्रॅक्टरला काढायला एक मेल आणि महिनाभराची (कधी पंधरा दिवसांची) नोटीस पुरते, आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते. शिवाय ब्लू कार्डावर २७ महिन्यांनी, आणि जर्मन बी१ पातळीपर्यंत शिकलात तर २१ महिन्यांनी, कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. तोवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला वेळ मोजकाच असतो, हीही त्याचीच दुसरी बाजू.

राहिली बढती. कॉन्ट्रॅक्टर कंपनीच्या लेव्हलच्या शिडीवर नसतोच. त्याचा रेट वाढतो, हुद्दा नाही. सुटलेली तिकिटं त्याच्या नावावर लागतात, पण सिस्टिम कशी बांधायची हे जेवणाच्या टेबलावर ठरतं आणि त्याला दुसऱ्या दिवशी कळतं. ज्याचा दहा-बारा वर्षांचा अनुभव आहे, ज्याला एका विषयातला जाणकार म्हणूनच बोलावलंय, त्याचं यात काही बिघडत नाही. पण आपण अठ्ठावीस-तिशीतले, अजून कोणाच्या तरी शेजारी बसून शिकणारे. आपल्यासाठी मला हे महाग वाटतं. घरी आई-वडिलांना सोडवत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मी मधल्या कंपनीतर्फे नोकरीपेक्षा नीट लिहिलेला कॉन्ट्रॅक्टरचा करार घेईन आणि वाचलेल्या पैशातून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवेन.

जायचं ठरलंच तर तारीख बघा. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात भरले की रहिवासी धरतात. १ एप्रिलपासून मोजलं तर निघायचा दिवस धरून २८ सप्टेंबरला १८१ होतात. तोपर्यंत उडालात तर त्या वर्षापुरते तुम्ही अनिवासी, आणि जर्मनीतला पगार इथे करपात्र नाही. १५ ऑक्टोबरला गेलात तर मार्चपर्यंतचा जर्मन पगारसुद्धा भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवायचा, तिथे भरलेल्या कराचं क्रेडिट मागायचं, तिथलं बँक खातंही परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात भरायचं. तिकडचा कर जास्त असल्यामुळे खिशातून फारसं जात नाही, पण कागदं दुप्पट होतात. तेव्हा जॉइनिंग ऑक्टोबरचं असेल तर ते दोन-तीन आठवडे अलीकडे आणता येतं का, हे एचआरला विचारून बघा. व्हिसाची अपॉइंटमेंट वेळेत मिळाली तर, अर्थात.